‘बाई, पास झाले!’

दहावीचा निकाल अलीकडे दुपारी एक वाजता संकेतस्थळांवर लागतो. २०२५ साली तो १३ मे रोजी लागला आणि राज्यातले ९४.१० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. रायगड जिल्ह्यातला तळा तालुका मंडळाच्या मुंबई विभागात मोडतो. तळ्यातल्या एखाद्या मुलीने घरातल्या मोबाईलवर आपला निकाल पाहिला, की पुढच्या तासाभरात ती एकच वाक्य दहाबारा जणांना सांगते. आईला, शेजारच्या आजीला, वाण्याला, मुंबईत नोकरीला असलेल्या काकाला फोनवरून, आणि बाजारात भेटल्याच तर शाळेतल्या बाईंना. वाक्य तीन शब्दांचे असते. त्याला मिळणारा पहिला प्रतिसादही बहुधा तेवढाच असतो, आणि तो एका सेकंदाच्या आत दिलेला असतो. या लेखात आपण त्या एका सेकंदाविषयी बोलणार आहोत.

आधी दोन संवाद पाहू. ते आम्ही रचलेले आहेत. पण निकालाच्या दिवशी शाळेच्या पायरीवर उभे राहिलेल्या कोणाही शिक्षकाला ते ओळखीचे वाटतील.

मुलगी : बाई, पास झाले!
बाई : किती टक्के?
मुलगी : अडुसष्ट.
बाई : गणितात?
मुलगी : एक्कावन्न.
बाई : बरं. आता पुढे काय घेणार?

आणि दुसरा :

मुलगी : बाई, पास झाले!
बाई : अगं वाऽ! ऐकून इतकं बरं वाटलं!
मुलगी : अडुसष्ट टक्के! आणि बाई, इंग्रजी सुटलं. मला वाटलं होतं, त्यातच अडकणार.
बाई : इंग्रजी सुटलं!
मुलगी : आईला तर खरंच वाटेना. तिने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग मला परत वाचायला लावलं.

पहिल्या संवादातल्या बाईंना मुलीविषयी आस्था नाही असे कोणी म्हणणार नाही. तिन्ही प्रश्न काळजीपोटीच विचारलेले आहेत. तरीही पहिल्या संवादातून दोन आकडे निघाले. दुसऱ्यात बाईंनी काहीच विचारले नाही, तरी एक आकडा आपण होऊन आला, शिवाय इंग्रजीची धास्ती आली, आई आली, साखर आली. हे कसे घडते ते समजायला संवादाची बांधणी पाहावी लागते.

माणसे प्रत्यक्ष कशी बोलतात याचा बारकाईने अभ्यास करणारी एक शाखा १९६० च्या दशकात अमेरिकेत हार्वे सॅक्स यांच्या कामातून उभी राहिली. संवाद ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यातला प्रत्येक श्वास, प्रत्येक थांबा लिहून काढायचा, ही तिची पद्धत. या अभ्यासकांना आढळले, की बोलण्यातली काही वाक्ये जोडीने येतात. पहिले वाक्य उच्चारले गेले, की दुसऱ्याची जागा तयार होते आणि ती रिकामी ठेवता येत नाही. प्रश्न आला की उत्तर आलेच पाहिजे. नमस्कार आला की नमस्कार. ‘पास झाले’ हेही असेच पहिले वाक्य आहे. त्याच्यापुढे तयार होणारी जागा प्रतिसादाची असते. ती भरली गेली, म्हणजे बातमी ‘पोहोचली’ असे सांगणाऱ्याला कळते, आणि मग तपशील सांगायला ती व्यक्ती मोकळी होते.

आता त्या जागी प्रश्न टाकला तर काय होते? प्रश्न हे स्वतःच एक नवे पहिले वाक्य आहे. मुलीच्या बातमीला मिळायचा प्रतिसाद बाजूला राहतो आणि तिच्यावर उत्तराची जबाबदारी येऊन पडते. क्षणापूर्वी सांगणारी होती ती आता उत्तर देणारी झाली. पुढचा विषय कोणता हेही प्रश्न विचारणारा ठरवतो. ‘किती टक्के?’ या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली असते : नुसते पास होणे ही बातमी पुरी नाही, खरी बातमी आकड्यात आहे. शंभरातले चौऱ्याण्णव पास होतात अशा काळात तो समज ऐकणाऱ्याच्या मनात सहज बसतो. पण पास होण्याचे प्रमाण राज्याचे असते आणि इंग्रजीची धास्ती एकटीची असते.

सगळे प्रश्न मात्र सारखे नसतात, आणि येथे मराठी मोठी गमतीची आहे. ‘काय सांगतेस!’ हे वाक्य रूपाने प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर कोणी देत नाही. ‘पास झाले असे सांगते’ असे उत्तर देणारी मुलगी आम्ही पाहिलेली नाही. ‘खरंच?’, ‘हो?’, ‘झालीस?’ ही याच जातीची माणसे. ती तपशील मागत नाहीत; ‘ही माझ्या दृष्टीने बातमी आहे, पुढे सांग’ एवढेच सुचवतात. दुसऱ्या संवादात बाईंनी ‘इंग्रजी सुटलं!’ असे मुलीचेच शब्द परत म्हटले, त्याचेही काम तेच. फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ऐकणारी व्यक्ती ज्याचे उत्तर एका शब्दात किंवा आकड्यात देऊन थांबते, तो खरा प्रश्न. ज्याच्यानंतर ती स्वतःचेच बोलणे पुढे चालू ठेवते, तो प्रश्नाचा वेष घेतलेला आनंद.

यात ‘खरंच?’ जरा जपून वापरावे. आवाज चढा असेल तर ते कौतुक होते. तो सपाट असेल तर ‘तू आणि पास?’ असा अर्थ निघतो. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला हा दुसरा अर्थ चटकन ऐकू येतो, कारण तो त्याने आधीही ऐकलेला असतो.

आवाजाचा उल्लेख आला आहे तर तो थोडा सविस्तर पाहू. जेरेमी फ्रीस आणि डग्लस मेनार्ड या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९९८ साली चांगल्या आणि वाईट बातम्यांच्या देवाणघेवाणीतल्या स्वरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगली बातमी सांगताना आणि तिला प्रतिसाद देताना आवाजाची पट्टी वर जाते आणि तिच्यातला चढउतार वाढतो. वाईट बातमीत आवाज खाली येतो, चढउतार आक्रसतो, बोलणे संथ होते. आपल्याकडे ‘वा’ मधला आकार किती लांबतो, यावरून हे कोणालाही पडताळता येईल. ‘वा.’ आणि ‘वाऽऽ!’ यांत अक्षर तेच आहे. पण पहिला ‘वा’ वर्तमानपत्रातून डोके न काढताही म्हणता येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या दहा भाषांमधली प्रश्नोत्तरे मोजली. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू व्हायला सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडा फरक पडला, पण फार नाही. या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती, तेव्हा हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नये. तरीही इंग्रजी संवादांवरून गेल जेफरसन यांनी आधीच दाखवले होते, की साधारण एका सेकंदाची शांतता झाली, की बोलणाऱ्यांना काहीतरी बिनसल्यासारखे वाटू लागते. मुलगी ‘पास झाले’ म्हणते आणि समोरचा माणूस क्षणभर काहीच बोलत नाही. कदाचित तो योग्य शब्द शोधत असतो. पण त्या क्षणात मुलगी स्वतःच बातमी कमी करू लागते : ‘म्हणजे, फार नाही मिळाले...’ यानंतर ‘छान हं’ आले तरी ते उशिरा आलेले असते.

तळ्यासारख्या गावात या बाबीला आणखी एक पदर आहे. इथली पुष्कळ घरे अर्धी मुंबईत असतात, आणि निकालाची बातमी फोनने जाते. मोबाईलवर आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतो आणि प्रतिसाद परत यायला तेवढाच. रेंज कमी असली की तो वेळ वाढतो. काका ताबडतोब ‘अरे वा’ म्हणतात, पण इकडे ते उशिरा ऐकू येते. मधली शांतता यंत्राची असते, आणि मुलीला ती काकांची वाटते. त्यातून ती पुन्हा बोलू लागते आणि काकांचा ‘वा’ तिच्या बोलण्याखाली दबतो. फोनवर म्हणूनच पहिला प्रतिसाद अगदी छोटा ठेवून तो दोनदा द्यावा हे बरे. दोनपैकी एक तरी पोहोचतो.

या प्रतिसादाने खरोखर काही फरक पडतो का? १९९४ साली ख्रिस्तोफर लँग्स्टन यांनी दाखवले, की चांगली घटना दुसऱ्याला सांगितल्याने होणारा आनंद हा मूळ घटनेच्या आनंदात भर घालतो. त्यांनी या क्रियेला जे नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ ‘भांडवल करणे’ असा होतो. पण मराठीत भांडवल दुसऱ्याच्या दुःखाचे करतात, म्हणून तो शब्द आपण सोडून देऊ. शेली गेबल, हॅरी राईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पुढचा प्रश्न हाती घेतला : ऐकणारा कसा वागतो यावर ही भर अवलंबून असते का? त्यांनी प्रतिसादांचे चार प्रकार पाडले. उत्साहाने आनंदात सामील होणे. मनात आनंद असूनही तो गप्पपणे ठेवणे. बातमीतला धोका किंवा अडचण दाखवून देणे. आणि बातमीकडे दुर्लक्ष करून दुसरेच बोलणे. यांपैकी पहिल्याच प्रकाराचा संबंध चांगल्या नात्याशी आढळला. दुसरा प्रकार, म्हणजे मूक आनंद, हा उरलेल्या दोघांच्या पंगतीत बसला. हे अनेकांना अनपेक्षित वाटेल, कारण आपल्याकडचे कितीतरी वडील याच प्रकारात मोडतात. मुलापाशी ‘हं’ म्हणतात आणि नाक्यावर जाऊन चारचौघांत पेढे वाटतात. मुलाला मात्र घरातला ‘हं’ तेवढा मिळतो.

२००६ साली गेबल यांच्या गटाने ७९ प्रेमी जोडप्यांचे बोलणे चित्रित करून तपासले. जोडीदार वाईट प्रसंगी कसा वागतो यापेक्षा चांगली बातमी सांगितल्यावर कसा वागतो, यावरून त्यांच्या नात्याची स्थिती अधिक चांगली कळली. अर्थात ही अमेरिकेतली तरुण जोडपी होती. शिक्षक आणि विद्यार्थी, किंवा आजी आणि नात, यांच्याविषयी ती काही सांगत नाहीत.

येथे चोखंदळ वाचक आम्हाला अडवेल. गेबल यांच्या प्रश्नावलीत पहिल्या, म्हणजे उत्साही प्रकारात ‘जोडीदार पुष्कळ प्रश्न विचारतो’ हे लक्षणही धरलेले आहे. मग प्रश्न विचारू नयेत असे का म्हणायचे? आम्हाला वाटते, याची दोन कारणे आहेत. जोडप्याचे बोलणे तासभर चालते. त्यात आधी आनंद व्यक्त होतो आणि मग प्रश्न येतात. बाजारातली भेट अर्ध्या मिनिटाची असते, तिच्यात एकाच गोष्टीला जागा असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते खास शिक्षकांचे आहे.

वर्गातले बोलणे तीन पायऱ्यांनी चालते, हे इंग्लंडमध्ये सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५ साली आणि अमेरिकेत ह्यू मेहन यांनी १९७९ साली नोंदवले. शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक शेरा देतो. ‘महाराष्ट्राची उपराजधानी कोणती?’ ‘नागपूर.’ ‘छान.’ बाहेरच्या जगात ‘किती वाजले?’ असे विचारून ‘सव्वापाच’ हे उत्तर मिळाल्यावर कोणी ‘छान’ म्हणत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते. दहा वर्षे विद्यार्थ्याने शिक्षकाच्या तोंडून जो प्रश्न ऐकला तो परीक्षेचा, आणि जे ‘छान’ ऐकले ते शेऱ्याचे. म्हणून निकालाच्या दिवशी शिक्षकाने ‘गणितात किती?’ असे विचारले, की मैत्रिणीने विचारल्यासारखे ते वाटत नाही. परीक्षा संपल्यावरची ती आणखी एक परीक्षा होते. आणि त्यानंतरच्या ‘छान’ने पुढच्या विद्यार्थ्याकडे वळण्याची सवय मुलीला ठाऊक असल्यामुळे ती तिथेच बोलणे थांबवते.

‘शाब्बास’ हा शब्दही याच कारणाने तपासून घ्यावा. तो चांगला आहे, पण वरून खाली येणारा आहे. त्यात देणाऱ्याने घेणाऱ्याची कामगिरी जोखलेली असते. ‘मला फार आनंद झाला’ या वाक्यात जोखणे नाही. बोलणारा स्वतःविषयी काही सांगतो. ‘अभिनंदन’ हे पत्रातून आणि फलकावरून शोभते. तोंडाने म्हटले, की बहुतेक वेळा हात पुढे करून म्हणावे लागते, आणि तळ्यातल्या आजीला ते जमणार नाही.

आजीला त्याची गरजही नाही. न विचारता आनंदात सामील होण्याची साधने तिच्यापाशी आपल्यापेक्षा जास्त आहेत. ‘बरं झालं गो बाय’ म्हणत ती नातीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटे कडाकड मोडते. मुलगी वाकून नमस्कार करते तेव्हा ‘मोठी हो’ म्हणते. हातावर साखर ठेवते. यांपैकी एकाही क्रियेला उत्तर द्यावे लागत नाही. साखर तोंडात टाकायची असते आणि तेवढा वेळ बोलणे शक्यही नसते. टक्के किती ते आजीला त्यानंतर कळते किंवा कळतही नाही.

एका परिस्थितीत मात्र हे सगळे उलटे पडते. मुलगी येते आणि सपाट, खालच्या आवाजात म्हणते, ‘पास झाले.’ तिला ऐंशीची अपेक्षा होती आणि अठ्ठावन्न मिळाले आहेत. शब्द चांगल्या बातमीचे आहेत, आवाज वाईट बातमीचा. अशा वेळी ‘अगं वाऽ!’ म्हणणे म्हणजे तिने काय सांगितले ते न ऐकणे. बातमी चांगली की वाईट हे शब्दांवरून ठरत नसते. सांगणारा आणि ऐकणारा मिळून ते ठरवतात, हे मेनार्ड यांनी आपल्या बातम्यांवरील पुस्तकात (२००३) अनेक उदाहरणांनी मांडले आहे. म्हणून पहिला प्रतिसाद तिच्याच पट्टीत द्यावा. ‘झालीस ना. बरं झालं, सांगायला आलीस.’ एवढे म्हणून थांबावे. येथेही विचारायचे काही नाही, कारण आकडा तिला सांगायचा असेल तर ती सांगेल. आणि नसेल तर तो विचारून काढणे बरे नव्हे. तसेच, बाजूला नापास झालेली मैत्रीण उभी असेल, तर आवाज न चढवता हात पाठीवर ठेवून तेच काम करता येते.

आपला प्रतिसाद बसला की नाही हे कसे ओळखावे? पुढच्या वाक्याकडे लक्ष द्या. बातमी आणणाऱ्याने तुम्ही न मागितलेली एखादी गोष्ट सांगितली, तर तो बसला. ‘हो ना’ म्हणून ती हसून निघून गेली, तरीही चालेल, घाईत असेल. पण तिने स्वतःच्या यशाला कारणे जोडायला सुरुवात केली, ‘पेपर सोपे होते’, ‘तोंडी परीक्षेचे गुण मिळाले’, तर तिला तुमच्या शब्दांत शेरा किंवा शंका ऐकू आली आहे असे समजावे. तेव्हा दुरुस्ती करायला वेळ गेलेला नसतो. ‘ते राहू दे, मला आनंद झाला’ हे वाक्य तेव्हाही म्हणता येते.

येत्या निकालाच्या दिवशी ज्या शिक्षकांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांनी खिशात छोटी वही ठेवावी. ध्वनिमुद्रण नको, मुलांना विचारल्याशिवाय ते योग्य नाही. वहीचे पान उभे तीन भागांत विभागावे. पहिल्यात बातमी सांगणाऱ्याचे पहिले वाक्य आणि आवाज चढा होता की सपाट, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचा पहिला प्रतिसाद जसाच्या तसा, तिसऱ्यात त्यानंतर मुलाने काय म्हटले ते. नावे लिहू नयेत. शिक्षक, पालक, मित्र, वाणी असे ऐकणाऱ्याचे नाते मात्र लिहावे. पंधरावीस भेटी नोंदल्या, की प्रश्नांच्या ओळी आणि उद्गारांच्या ओळी वेगळ्या काढून तिसऱ्या रकान्यातले शब्द मोजावेत. वाक्य लगेच टिपावे, कारण संध्याकाळी आठवून लिहिताना ‘किती टक्के?’च्या आधी आपण ‘अरे वा’ म्हटले होते असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते.